दूध पचत नाही, मग व्हे सोडायचं का?

प्रश्न: वय ३४, वजन ७० किलो, राहणार कोल्हापूर. सहा महिन्यांपासून जिमला जातो. गेली काही वर्षं दूध प्यायलो की तासाभरात पोट फुगतं, गडगडतं, कधी जुलाब होतात. दही, ताक, चहा चालतो. ट्रेनरने व्हे, म्हणजे दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर, सुरू करायला लावलं, सकाळी जिमवरून आल्यावर एक स्कूप ३०० मिली दुधातून. आठवड्यात पोटाची वाट लागली. आता तोच म्हणतो प्लांट प्रोटीन घ्या. ते महाग आहे आणि चव खडू खाल्ल्यासारखी. व्हे कायमचं सोडायचं का? डब्यावर लिहिलंय: व्हे कॉन्सन्ट्रेट, स्कूप ३३ ग्रॅम, प्रोटीन २४ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ३ ग्रॅम, त्यात साखर २ ग्रॅम. अंडी रोज दोन खातो, चिकन आठवड्यातून दोनदा.

उत्तर: डबा ठेवा, त्यातलं दूध काढा. तुमच्या आकड्यांवरून मला तरी तेवढंच दिसतंय, आणि का ते सांगतो.

दूध गायीचं असो की म्हशीचं, १०० मिलीमागे त्यात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. म्हशीचं दूध 'जड' म्हणतात ते त्यातल्या फॅटमुळे, लॅक्टोजमध्ये फारसा फरक नाही. म्हणजे तुमच्या ३०० मिलीत १५ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज गेलं. आता स्कूप बघा. कार्बोहायड्रेट ३ ग्रॅम लिहिलंय. लॅक्टोज हे कार्बोहायड्रेटच आहे, त्यामुळे ते सगळंच्या सगळं लॅक्टोज धरलं तरी ३ ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. चॉकलेट फ्लेवर असेल तर त्यातला थोडा भाग कोकोचा, म्हणजे खरं लॅक्टोज २ ते ३ ग्रॅम. एकूण १८ ग्रॅममधलं १५ ग्रॅम दुधातून आलं आणि दोष मात्र व्हेला लागला. माझ्याकडे 'व्हे सोसत नाही' म्हणून जी मंडळी येतात, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की पावडर कशात कालवता. उत्तर बहुतेक वेळा दूध असतं, वर एक केळं आणि चमचाभर पीनट बटर.

हा १८ चा आकडा महत्त्वाचा का, तेही बघू. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते लॅक्टोजचे दोन तुकडे करतं आणि मगच ती साखर रक्तात जाते. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत हे एन्झाइम बालपणानंतर हळूहळू कमी होत जातं. हा आजार नव्हे, जगातल्या बहुसंख्य प्रौढांचं असंच होतं. भारतात वायव्येकडे ते टिकून राहण्याचं प्रमाण जास्त आहे आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे सरकावं तसं कमी होतं. पण कमी होतं म्हणजे शून्य होतं असं नाही. उरलेलं एन्झाइम थोडं लॅक्टोज सहज हाताळतं. जे उरतं ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, हायड्रोजनसारखे वायू तयार होतात, आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. गडगड, फुगारा आणि पातळ शौच ही त्याचीच तीन रूपं.

म्हणून हा सगळा मामला 'चालतं की नाही' असा नसून 'किती चालतं' असा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली उपलब्ध अभ्यास तपासून असं मत दिलं की लॅक्टोज नीट न पचवणाऱ्या बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत काही त्रास होत नाही किंवा किरकोळ होतो. ही सरासरीची रेषा आहे, काहींना ६ ग्रॅमलाच जाणवतं. पण तुमचा चहा का चालतो ते यातून कळतं. एका कपात ५०-६० मिली दूध, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम. दही चालतं कारण विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात आणि त्यांचं स्वतःचं एन्झाइम तुमच्या पोटात पोचून उरलेलं पचवायला मदत करतं. ताकात तर पाणीच जास्त. तुमच्या चहादह्याचा अनुभव सांगतो की तुमची मर्यादा अगदी खालची नाही. जिमवरून आल्यावर रिकाम्या पोटी नुसतं दूध प्यायलं की ते आतड्यात भरभर उतरतं, एन्झाइमला वेळ मिळत नाही. तेच जेवणासोबत घेतलं तर कमी त्रास होतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांच्या गावात हे सांगायला तुम्हाला संकोच वाटत असेल, पण त्या कट्ट्यावरसुद्धा अर्धाच ग्लास घेणारे असतात.

आता व्हेचं. पनीर किंवा चीज करताना जे पाणी खाली उरतं तेच व्हे. ते तसंच वाळवलं तर साधी व्हे पावडर मिळते, ती स्वस्त असते, आणि तिच्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज आणि प्रोटीन जेमतेम १२-१३ टक्के. ते पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून, म्हणजे मेम्ब्रेनमधून दाबाने सोडलं तर प्रोटीनचे मोठे रेणू अडकतात आणि लॅक्टोज पाण्यासोबत निघून जातं. प्रोटीन ८० टक्क्यांपर्यंत आलं की झालं कॉन्सन्ट्रेट, आणि आणखी धुऊन, गाळून ९० टक्क्यांवर नेलं की आयसोलेट. तुमच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज ४ ते ८ टक्के असतं, आयसोलेटमध्ये साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे आयसोलेटच्या एका स्कूपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. दुधाच्या चहाच्या दोन घोटांत त्याहून जास्त लॅक्टोज असतं. 'हायड्रोलायझ्ड' हा तिसरा, सगळ्यात महाग प्रकार. त्यात प्रोटीनचे आधीच तुकडे केलेले असतात, पण लॅक्टोज किती हे मूळ माल कॉन्सन्ट्रेट होता की आयसोलेट यावर ठरतं. दूध न पचणाऱ्याने केवळ त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

लेबल वाचताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे 'नो अॅडेड शुगर'. लॅक्टोज ही वरून घातलेली साखर नाही, दुधातून आलेली आहे. त्यामुळे वरून घातलेली साखर शून्य आणि लॅक्टोज तीन ग्रॅम, हे दोन्ही एकाच डब्यावर खरं असू शकतं. तुम्ही बघायची ओळ म्हणजे एकूण साखर, आणि तिच्याही वर कार्बोहायड्रेट. दुसरं म्हणजे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'आयसोलेट' आणि मागे बारीक अक्षरात मिश्रण. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. यादीत कॉन्सन्ट्रेट पहिलं आणि आयसोलेट दुसरं असेल तर डब्यात मुख्यतः कॉन्सन्ट्रेटच आहे. खात्री करायची तर भागाकार करा. स्कूपातलं प्रोटीन भागिले स्कूपाचं वजन. तुमच्या डब्याचं २४ भागिले ३३, म्हणजे ७३ टक्के, फ्लेवर घातलेल्या कॉन्सन्ट्रेटला हे साजेसंच आहे. फ्लेवर घातलेलं आयसोलेट ८० च्या वर आणि बऱ्याचदा ८५ च्या पुढे दिसायला हवं. ६० च्या खाली आलं तर ती पावडर काय आहे ते मागे नीट वाचा, बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा दुधाची पावडर निघेल. मास गेनर म्हणून जे मोठे डबे मिळतात त्यांत बऱ्याचदा स्किम्ड मिल्क पावडर असते आणि ती निम्मी लॅक्टोजच असते. ते तुमच्यासाठी नाहीत.

तर करायचं काय? सध्याचा डबा वाया घालवायची गरज नाही, तो वापरूनच तपासणी करू. पहिले चार-पाच दिवस पावडर आणि दूध दोन्ही बंद ठेवा, चहा-दही नेहमीसारखं चालू द्या. पोट पूर्ण जागेवर आलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मग अर्धा स्कूप २५० मिली पाण्यात, नाश्त्यासोबत, रिकाम्या पोटी नाही. असे तीन दिवस. शांत असेल तर पूर्ण स्कूप, पुन्हा पाण्यात, पुन्हा तीन दिवस. या काळात नवीन काही सुरू करू नका. क्रिएटिन नको, प्री-वर्कआउट नको, मोड आलेल्या कडधान्यांचा एकदम मोठा वाडगाही नको. रोज फक्त दोन गोष्टी लिहून ठेवा, किती वाजता प्यायलात आणि त्रास किती वाजता सुरू झाला.

वेळ लिहायला सांगतो त्याला कारण आहे. लॅक्टोजचा त्रास सहसा अर्धा तास ते दोन-तीन तासांत येतो, कारण ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. पिऊन पाच मिनिटांत पोट तट्ट फुगलं आणि ढेकर येत राहिले तर ती बहुतेक हवा आहे. शेकर जोरात हलवून फेसासकट गटागटा पिणारे अर्धा शेकर हवाच गिळतात. हलवून पाच-दहा मिनिटं ठेवा, फेस बसू द्या, मग घोट घोट प्या. हा उपाय फुकट आहे आणि आश्चर्य वाटावं इतक्यांना लागू पडतो. त्रास सहा-आठ तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येत असेल तर पावडरीपेक्षा इतर जेवणाकडे, किंवा बद्धकोष्ठाकडे पाहावं लागेल. भाजी-फळं कमी करून चिकन, अंडी आणि पावडर वाढवली की पोट साफ होत नाही, आणि त्यालाही लोक 'व्हेचा गॅस' म्हणतात.

माझा अंदाज असा की पाण्यातला पूर्ण स्कूप तुम्हाला चालेल. नाही चालला, म्हणजे अर्धा चालतो पण पूर्ण नाही, तर तुमची मर्यादा खालची आहे आणि पुढचा डबा आयसोलेटचा घ्या. थेट मोठा डबा नको, एकेका स्कूपची पाकिटं मिळतात ती तीन-चार घेऊन बघा. अर्धा स्कूपही चालला नाही, तर मात्र लॅक्टोजला दोष देणं थांबवावं लागेल, कारण अर्ध्या स्कूपात ते दीड ग्रॅमही नाही आणि तुम्ही त्याहून जास्त चहातून रिचवता. तेव्हा घटकांच्या यादीत खाली या. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखे 'ऑल' ने संपणारे गोडवे, चिकोरीपासून काढलेलं इन्युलिन, गवारगम, झँथन गम. यांतले पहिले तीन आतड्यातल्या जिवाणूंचं लॅक्टोजइतकंच आवडतं खाद्य. बिनफ्लेवरची, एकच घटक असलेली पावडर घेतली की हा प्रश्न सुटतो. आणि तीही सोसली नाही तर कदाचित पोटच संवेदनशील झालंय, ज्याला आयबीएस म्हणतात. ते लॅक्टोजच्या त्रासासोबत नांदू शकतं, तेव्हा पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर कदाचित हायड्रोजन ब्रेथ टेस्ट सांगतील. लॅक्टोजचं पाणी पाजून दर काही वेळाने श्वासातला हायड्रोजन मोजतात आणि सुरुवातीच्या आकड्यावर २० पीपीएमने वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. तुमच्यासारख्या सरळ प्रकरणात मात्र मी आधी वर सांगितलेली घरची तपासणीच करतो.

लॅक्टेजच्या गोळ्या हाही मार्ग आहे. पहिल्या घोटासोबत घ्यायच्या, तासाभराने घेऊन उपयोग नाही. युरोपीय संस्थेने मान्य केलेलं प्रमाण लॅक्टोज असलेल्या प्रत्येक खाण्यासोबत किमान ४५०० युनिट असं आहे, पाकिटावर एफसीसी युनिट म्हणून लिहिलेलं असतं. पण रोजच्या एका स्कूपासाठी रोज गोळी घेणं मला पटत नाही, पाणी त्याहून सोपं आहे. पाण्यात अगदीच जात नसेल तर लॅक्टोज-फ्री दूध वापरा, अमूलचं खोक्यातलं मिळतं. त्यात तेच एन्झाइम आधी घालून लॅक्टोज फोडलेलं असतं, म्हणून ते नेहमीच्या दुधापेक्षा गोड लागतं. साखर घातली असं समजून घाबरू नका.

आता तुमच्या ट्रेनरच्या सल्ल्याकडे. प्लांट प्रोटीनमध्ये लॅक्टोज नसतं, हे शंभर टक्के खरं. त्यावरून 'म्हणून ते पोटाला हलकं' असा निष्कर्ष काढतात, तो मात्र डबा बघितल्याशिवाय काढता येत नाही. आपल्या बाजारात बहुतेक वनस्पती पावडरी पिवळ्या वाटाण्याच्या असतात, कधी ब्राऊन राईस मिसळलेला, कधी सोया. वाटाणा हे शेवटी कडधान्य. कडधान्यात रॅफिनोजच्या कुळातल्या साखरा असतात, त्या पचवायचं एन्झाइम माणसात कुणाकडेच नसतं. वाटाण्याचं आयसोलेट करताना प्रोटीन विरघळवून वेगळं काढतात, तेव्हा स्टार्च आणि या साखरा बऱ्याच निघून जातात. अशी पावडर ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीनची असते आणि पोटाला खरंच शांत असते. पण कोरड्या पद्धतीने नुसतं दळून, वाऱ्याने वेगळं केलेलं वाटाणा कॉन्सन्ट्रेट ५०-५५ टक्क्यांचं असतं आणि त्यात त्या साखरा जवळपास तशाच राहतात. तेव्हा भागाकाराची तीच युक्ती इथेही वापरा. त्यात भर म्हणजे वनस्पती प्रोटीनचा चरबरीतपणा लपवायला कंपन्या गम आणि इन्युलिन सढळ हाताने घालतात, आणि वर 'फायबर ५ ग्रॅम' म्हणून त्याचीच जाहिरात करतात. व्हे सोडून प्लांटवर आल्यावर गॅस वाढला असं सांगणारे लोक मी पाहतो, ते याच वाटेने आलेले असतात. तुम्हाला उसळ, छोले, राजमा खाऊन दूध प्यायल्यासारखाच त्रास होतो का ते आठवून बघा. होत असेल तर प्लांट पावडर निवडताना दुप्पट सावध राहा. सत्तूही याच कारणाने सगळ्यांना मानवत नाही. तो अख्ख्या हरभऱ्याचं पीठ आहे, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन वीस-बावीस ग्रॅम. स्वस्त आणि चांगलं अन्न आहे, पण पावडरीला पर्याय म्हणून २४ ग्रॅम प्रोटीनसाठी शंभर ग्रॅमहून जास्त सत्तू एकदम प्यायला तर काय होईल ते तुम्हाला कळेलच.

चव खडूसारखी लागते ती वाटाण्याचे कण पाण्यात व्हेसारखे विरघळत नाहीत म्हणून. गार पाण्यात कालवून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तर बरी लागते. भाकरीच्या किंवा धिरड्याच्या पिठात घातली तर कळतही नाही, आणि शिजल्याने प्रोटीन कुठे जात नाही.

स्नायूंसाठी कोणतं सरस, हा वाद जिममध्ये जितका चालतो तितका तो मोठा नाही. स्नायू बांधायची सुरुवात करून देणारं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल व्हेमध्ये दहा टक्क्यांहून थोडं जास्त असतं, वाटाणा आणि सोयात आठ टक्क्यांच्या आसपास. शिवाय वाटाण्यात मेथिओनिन कमी आणि तांदळात लायसिन कमी, म्हणून कंपन्या दोघांना एकत्र करतात. हे फरक खरे आहेत, पण तुम्ही दिवसभर फक्त पावडरीवर जगत नाही. भाकरीसोबत उसळ खाताय, अंडी-चिकन खाताय, तिथे हा तुटवडा आपोआप भरून निघतो. फ्रान्समध्ये १६१ तरुणांवर १२ आठवडे केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना वाटाणा, काहींना व्हे, दोन्ही २५ ग्रॅम दिवसातून दोनदा, सोबत व्यायाम. दंडाच्या स्नायूच्या जाडीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्यात वाटाणा-प्रोटीन बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता, हे सांगायला हवं. तरी निष्कर्ष माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. प्लांट घेणाऱ्याला मी इतकंच सांगतो की प्रोटीन २४ ऐवजी ३० ग्रॅम पडेल असा स्कूप घ्या, ल्युसिनचा हिशोब त्यात मिटतो.

तुमचा दिवसाचा हिशोबही करून टाकू. व्यायाम न करणाऱ्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ५८ ग्रॅम प्रोटीन पुरतं. वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.६ पर्यंत वाढवून फायदा दिसतो, त्यापलीकडे फारसा नाही. ते झाले ११२ ग्रॅम. दोन अंड्यांचे १२-१३, दोन वेळच्या भाकरी-आमटी-उसळीचे ४०-४५, दह्याचे ६-७, असे चिकन नसलेल्या दिवशी तुमचे ६० ते ६५ भरत असावेत. एक स्कूप मिळवला की ९० च्या आसपास आलात. उरलेल्यासाठी दुसरा स्कूप नको, आणखी दोन अंडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे पुरे. याच पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलं आहे. मी तितका कडवा नाही, पण एका स्कूपाच्या वर सहसा कुणाला जाऊ देत नाही.

भेसळीचा विषय इथे टाळता येणार नाही, कारण दूध न पचणाऱ्याला तिचा फटका जास्त बसतो. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि ठरावीक आकड्याने गुणून प्रोटीन काढते. म्हणून ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त नायट्रोजनवाली पूड मिसळली की कागदावर प्रोटीन फुगतं. आणि वजन भरायला मी वर सांगितलेली साधी व्हे पावडर वापरली, तर अशा २० ग्रॅम भरीत १४ ग्रॅम लॅक्टोज. लेबलावर कार्बोहायड्रेट ३ आणि पोटात १४! २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांमध्ये प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत सांगितल्याच्या निम्मंच. तेव्हा पाण्यातला अर्धा स्कूपही तुम्हाला दुधासारखाच, म्हणजे तासाभरात गडगड आणि जुलाब असाच त्रास देत असेल, तर तुमच्या मर्यादेआधी डब्यावर संशय घ्या. सुट्टं, पिशवीत भरून देतात ते घेऊ नका. डब्यावरचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि बॅच नंबर बघा, आणि कंपनी त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवते का ते विचारा. प्लांटमध्ये चिंता वेगळी, तिथे जड धातूंचा अहवाल मागा. भातशेतीतून आर्सेनिक आणि कॅडमियम दाण्यात येतात, आणि दाण्यातलं प्रोटीन वेगळं काढताना तेही काही प्रमाणात सोबत येतात. रोज, वर्षानुवर्षं घ्यायची वस्तू आहे म्हणून हे बघायचं.

मग प्लांट कुणी घ्यावं? ज्याला दुधातल्या प्रोटीनचीच अॅलर्जी आहे त्याने, आणि त्याला दुसरा पर्यायच नाही. पित्ताच्या गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं ही लक्षणं लॅक्टोजची नव्हेत. अशा माणसाला शुद्धातलं शुद्ध आयसोलेटही घातक, कारण अॅलर्जी ज्याची तेच त्यात ९० टक्के आहे. ज्याला तत्त्वाने दुधाचं नको त्यानेही अर्थात प्लांटच घ्यावं. आणि जुलाबाच्या मोठ्या आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाने काही आठवडे घ्यायला हरकत नाही. आतड्याचं अस्तर सुजलेलं असताना लॅक्टेज तात्पुरतं घटतं, ते भरून आलं की पुन्हा पूर्ववत होतं. तुम्ही यांपैकी कशात बसत नाही.

एक शंका मात्र निरसून घ्या. त्रास गेल्या काही वर्षांतच सुरू झाला म्हणता. तिशीच्या आसपास तो जाणवायला लागणं नेहमीचं आहे, त्यात काळजीचं काही नाही. पण सोबत वजन आपोआप घटत असेल, शौचात रक्त दिसत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर पावडरीचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. सीलिअ‍ॅकसारखे गव्हामुळे आतडं बिघडवणारे आजारही दुधाच्या त्रासाचं सोंग घेऊन येतात. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन कधी वाढलेलं निघालं असेल तर व्हे असो की प्लांट, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रिकाम्या पोटी घ्या आणि शेक तिच्यापासून चार तास लांब ठेवा, सोया असेल तर नक्कीच, कारण ते गोळीचं शोषण कमी करतं.